चौदा रुपये सदुसष्ट नये पैसे

मोरेश्वर डिगरसे सौंसरच्या मास्तरांच्या पतपेढीत कारकून होते. कारकून म्हणजे सगळंच. सकाळी कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, चिमणीच्या काचा पुसायच्या आणि मग नाकावर चष्मा चढवून खातेवह्या उघडायच्या. पगार पंचावन्न रुपये. पतपेढीची खोली बाजाराच्या मागे, एका तेलाच्या दुकानाला लागून. तिथल्या कागदांनाही पेंडीचा वास यायचा.

हिशोब ते पांढुर्ण्याला शिकले होते, एका कापूस व्यापाऱ्याच्या दिवाणजींच्या हाताखाली. शाळा सातवीपर्यंतच. पण आकडा त्यांच्या हातून चुकत नसे, आणि चुकला तर त्यांना रात्री जेवण जात नसे. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी सौंसरला पतपेढी निघाली, तेव्हा निवृत्त हेडमास्तर यशवंतराव तिचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी मोरेश्वररावांना बोलावून घेतलं. दहा वर्षं यशवंतराव सही करत आले आणि मोरेश्वरराव लिहीत आले.

पतपेढी मास्तरांना कर्ज द्यायची आणि दर महिन्याला हप्त्यानं परत घ्यायची. व्याज दरमहा शेकडा आठ आणे. कर्ज उतरत जाईल तसं व्याजही उतरत जाई. तीन वर्षांचं सगळं व्याज आधीच काढून मुद्दलात मिळवायचं आणि छत्तीस महिन्यांवर वाटून द्यायचं, अशी इथली पद्धत होती.

कन्याशाळेच्या नलिनीबाईंनी घरावरची कौलं बदलायला पाचशे रुपये घेतले होते. पाचशेवर व्याज निघालं सेहेचाळीस रुपये चार आणे. एकूण फेड पाचशे सेहेचाळीस रुपये चार आणे. त्याला छत्तीसनं भागलं तर महिन्याला येतात पंधरा रुपये दोन आणे नऊ पै, आणि वर पैचा तिसरा हिस्सा. आता पैचा तिसरा हिस्सा कोण आणून देणार? पैसुद्धा तेव्हा बाजारात कुणी घेईना. म्हणून कमिटीनं पन्नास सालीच ठराव केला होता की हप्ता पूर्ण आण्याचा करावा, वरच्या बाजूला. नलिनीबाईंचा हप्ता झाला पंधरा रुपये तीन आणे.

म्हणजे दर महिन्याला बाई दोन पै आणि पैचे दोन तृतीयांश जास्त देणार. छत्तीस महिन्यांत त्याच्या होतात शहाण्णव पै, म्हणजे आठ आणे. हे आठ आणे पतपेढीचे नव्हेत, बाईंचे. म्हणून शेवटचा हप्ता आठ आण्यांनी कमी घ्यायचा, चौदा रुपये अकरा आणे. पस्तीस हप्ते सारखे आणि छत्तिसावा उरलेल्या रकमेचा. प्रत्येक कर्जाचं हे गणित मोरेश्वरराव एका कच्च्या वहीत करून ठेवत. छापील करारावर मात्र ते कुठंच येत नसे. करार नागपूरहून छापून आलेले, त्यावर मोठ्या अक्षरांत ओळ होती : 'छत्तीस समान हप्त्यांनी परतफेड करीन.' मोरेश्वररावांना ती ओळ कधी खटकली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबईकडे गेलं आणि सौंसर, पांढुर्णा नव्या मध्यप्रदेशात राहिले. गावातली बोली तीच, संत्र्याच्या बागा त्याच, पण पतपेढीचे वरचे साहेब आता दुसरीकडून येणार होते. त्याआधीच, उन्हाळ्यात, तपासणीसाठी म्हणून ठरावांचं पुस्तक नागपूरला गेलं होतं. ते परत आलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये आणे गेले आणि नये पैसे आले. तीन आण्यांचे एकोणीस नये पैसे, असं सरकारी तक्त्यात छापलं होतं. मोरेश्वररावांनी तो तक्ता भिंतीवर डकवला आणि नलिनीबाईंचा हप्ता पंधरा रुपये एकोणीस नये पैसे केला. ऑक्टोबरात बाईंनी शेवटचा हप्ता भरला. चौदा रुपये सदुसष्ट.

जानेवारी अठ्ठावनमध्ये इन्स्पेक्टर आला. तरुण, नीटनेटका, बोलायला तुटक. तो जबलपूरकडचा, मराठी त्याला वाचता येई पण रेंगाळत. तीन दिवस त्यानं वह्या पाहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी नलिनीबाईंच्या खात्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "यह आख़िरी क़िस्त कम क्यों है?"

मोरेश्वरराव म्हणाले, "साहेब, शेवटचा हप्ता उरलेल्या रकमेचा असते ना."

इन्स्पेक्टरनं करार काढला. 'छत्तीस समान हप्त्यांनी.' त्यानं शब्दाखाली पेन्सिल ओढली. "समान का मतलब समान. पंद्रह उन्नीस की जगह चौदह सड़सठ जमा है. बाक़ी बावन नये पैसे कहाँ गये?"

मग त्यानं फिटलेली सगळी खाती काढायला लावली. एकेचाळीस खाती. एकेचाळीस खात्यांत शेवटचा हप्ता कमी. एकाही खात्यात जास्त नाही. हप्ता नेहमी वरच्या आण्याला नेल्यावर शेवटचा कमीच येणार, जास्त येऊच शकत नाही, पण इन्स्पेक्टरला त्यात वेगळंच दिसलं. चूक असती तर कधी इकडे झाली असती, कधी तिकडे. ही दरवेळी एकाच बाजूला झुकली होती. त्याचा अर्थ त्यानं असा लावला की मास्तर लोक पूर्ण हप्ता देत गेले, कारकून शेवटचा कमी लिहीत गेला आणि फरक खिशात घालत गेला.

"साहेब, भागून पाहा. एकूण रक्कम भागा छत्तीसनं," मोरेश्वरराव म्हणाले. आयुष्यात त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. ते कच्ची वही शोधायला कपाटाकडे वळले, तसा इन्स्पेक्टर उभा राहिला. "काग़ज़ को हाथ मत लगाइए."

कपाटाला लाखेचं सील लागलं. कच्ची वही आतच राहिली. निघण्यापूर्वी इन्स्पेक्टर कन्याशाळेत गेला आणि नलिनीबाईंना विचारलं, तुम्ही दर महिन्याला किती भरत होता? बाई साध्या. त्या म्हणाल्या, "आधी पंधरा-तीन आणि नये पैसे आल्यावर पंधरा-एकोणीस." शेवटच्या महिन्यात? "तेच असेल." त्यानं ते हिंदीत लिहिलं आणि बाईंनी खाली सही केली.

संध्याकाळी मोरेश्वररावांना कागद मिळाला. कामावरून दूर, पगार बंद. एकेचाळीस खात्यांत मिळून बावीस रुपये छप्पन्न नये पैशांचा अपहार. पंधरा दिवसांत पुराव्यासह खुलासा द्यावा, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल.

घरी बायको जयवंता आणि मुलगी स्मिता. स्मिता अठराची. पांढुर्ण्याच्या एका शाळामास्तराच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, वैशाखातली तारीख निघायची होती. मोरेश्वररावांनी कागद जयवंताच्या हातात दिला. तिला हिंदी वाचता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं.

ती म्हणाली, "किती म्हनता? बावीस रुपये?"

"बावीस छप्पन्न."

"अन् तेवढ्यासाठी पोलीस?"

"तेवढ्यासाठी नाही. चोरीसाठी."

दुसऱ्या दिवशी ते यशवंतरावांकडे गेले. यशवंतराव ओट्यावर बसले होते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "मोरेश्वर, मी इन्स्पेक्टरशी बोललो. तू बावीस रुपये छप्पन्न नये पैसे भरून टाक. नजरचुकीनं कमी जमा झाले असं लिहून दे. तो प्रकरण तिथंच मिटवते म्हणते."

"पण कमी जमा झालेच नाही, गुरुजी. ठराव तुमच्याच सहीचा आहे. पन्नास सालचा."

"ठरावाचं पुस्तक कुठं आहे?"

"नागपुरात."

"मंग?" यशवंतरावांनी दुसरीकडे पाहिलं. "मले आता सगळे ठराव आठवतात का? मी सत्तर वर्षांचा मानूस आहो. मले या वयात कचेरीत उभं नको करू."

मोरेश्वरराव घरी आले तेव्हा जयवंतानं कानातलं काढून पाटावर ठेवलं होतं. यशवंतरावांचा सल्ला तिच्यापर्यंत आधीच पोचला होता. "हे मोडा," ती म्हणाली. "पंचवीस तरी येतीन. भरून टाका."

"भरले म्हणजे घेतले असं होते, जयवंता."

"होऊ द्या. लोकं चार दिवस बोलतीन अन् विसरतीन. पोरीचं लग्न होऊ द्या आधी."

ते उठून बाहेर गेले. कानातलं पाटावरच राहिलं. रात्री तिनं ते पुन्हा घातलं.

चौथ्या दिवशी पहाटे ते छोट्या रुळांच्या गाडीनं नागपूरला गेले. सहकार खात्याच्या कचेरीत दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. एका बाबूनं शेवटी विचारलं, कुठले? सौंसरचे म्हटल्यावर तो हसला. "तुमचा जिल्हा आता आमचा नाही, काका. तिकडच्या दप्तराचे बस्ते कधीच पाठवले."

"कुठं पाठवले?"

"मध्यप्रदेशात."

"मध्यप्रदेशात कुठं?"

बाबूनं खांदे उडवले. परतीच्या गाडीत मोरेश्वरराव खिडकीशी बसले होते आणि समोरचा माणूस त्यांना काहीतरी विचारत होता, संत्र्याचा भाव असेल, पण त्यांना शब्द कळत नव्हते. आपण केलेलं गणित खरं आहे आणि ते खरं आहे हे जगात कुणालाही दाखवता येत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. नागपूरच्या भाड्यात घरातले शेवटचे पैसे गेले होते.

मग त्यांना हप्त्याच्या कार्डांची आठवण झाली. प्रत्येक कर्जदाराला पतपेढी एक निळं कार्ड द्यायची. भरलेली रक्कम मोरेश्वरराव त्यावर लिहीत आणि आद्याक्षर करत. पतपेढीच्या वहीत चौदा सदुसष्ट आणि कार्डावरही चौदा सदुसष्ट असेल, तर मधे खाल्लं कुणी? पण कर्ज फिटल्यावर कार्ड ठेवतो कोण?

ते नलिनीबाईंकडे गेले. बाईंनी त्यांना आत घेतलं, पण दार उघडं ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "मोरेश्वरभाऊ, माझ्यामुळं झालं का हे?"

"बाई, शेवटचा हप्ता तुमी किती दिला, आठवते का?"

"मी कधी मोजलंच नाही हो. तुमी सांगाल तेवढे द्यायचे. पंधरा-एकोणीस तोंडात बसलं होतं, तेच सांगितलं."

"मी तुमाले नेहमीपेक्षा बावन्न पैसे जास्त परत दिले होते. सोळाची नोट-नाणी तुमी दिली होती आणि मी एक रुपया तेहेतीस पैसे परत केले. तुमी म्हणालात, आज जास्त कसे?"

बाई आठवायचा प्रयत्न करत होत्या. डोळ्यांत पाणी आलं, पण आठवलं नाही. "खोटं कसं म्हणू, भाऊ? मले आठवत नाही."

"कार्ड?"

"कार्ड रामाजी गुरुजींनी नेलं. ते जामीन होते ना. कर्ज फिटल्याचा पुरावा आपल्यापाशी पाहिजे म्हणाले."

रामाजी गुरुजी जामसांवलीच्या शाळेत होते. मोरेश्वरराव पायी निघाले. शनिवार होता, मारुतीच्या देवळाकडे माणसांची रीघ लागली होती, आणि त्या गर्दीतून ते उलटसुलट धक्के खात शाळेपर्यंत पोचले. रामाजी गुरुजी माणूस जपून चालणारा. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मले यात गोवू नका. मी सरकारी नोकर आहो."

"तुमचं नाव येत नाही. फक्त कार्ड द्या."

"कार्ड हरवलं तर? उद्या म्हणतीन का कर्ज फिटलंच नाही, जामीनदार भरा."

"मी पावती लिहून देतो."

आणि खरंच, शाळेच्या ओसरीवर बसून मोरेश्वररावांनी लिहून दिलं की नलिनीबाईंचं हप्ता कार्ड मिळालं, काम झाल्यावर परत करीन. रामाजींनी ती पावती दोनदा वाचली, मग आतून कार्ड आणलं. छत्तिसाव्या रांगेत निळ्या शाईत लिहिलं होतं : १४.६७. शेजारी त्यांचंच आद्याक्षर.

पंधरा दिवसांत त्यांनी सव्वीस कार्डं जमवली. बोरगाव, आणखी दोन-तीन गावं, सगळं पायी. काही मास्तरांनी दारातूनच नाही म्हटलं. एकानं विचारलं, "तुमाले कार्ड देऊन आमी गोत्यात नाही ना येणार?" एकाच्या बायकोनं कार्डाची चूल पेटवली होती. कच्ची वही लाखेआड होती, म्हणून खुलासा त्यांनी तिच्याशिवायच, हिंदीत लिहिला. भाषा चुकली असेल, पण आकडे चुकले नव्हते. आता सुनावणी छिंदवाड्याला होणार होती, तारीख मेमधली.

मधल्या तीन महिन्यांत घर हळूहळू रिकामं झालं. आधी पितळेचा हंडा गेला, मग परात. किराणावाल्यानं वही मिटली. मार्चमध्ये पांढुर्ण्याहून मुलाचे वडील आले. शाळामास्तर माणूस, वाईट नव्हता. चहाला नको म्हणाला. "डिगरसे, मला तुमच्याबद्दल शंका नाही. पण आमच्या घरात चार लोक आहेत. निकाल लागू द्या, मग पाहू." जाताना त्यानं साखरपुड्याच्या साडीवर पाणी सोडलं, ती परत मागितली नाही, यावरूनच मोरेश्वरराव समजले की तो पुन्हा येणार नाही.

स्मिता आतल्या खोलीत होती. ती रडली नाही. जयवंता रडली, आणि नंतर कितीतरी दिवस ती नवऱ्याशी गरजेपुरतंच बोलली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नलिनीबाई दारात आल्या. "मी येऊन राहिली उद्या तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या. "हेडमास्तरीणबाई नको म्हणतात. पण सही माझी आहे त्या कागदावर."

छिंदवाड्याचे साहेब मध्यमवयीन होते, चष्म्याआडून सावकाश पाहणारे. एका बाजूला इन्स्पेक्टर फाईल घेऊन बसला. साहेबांनी आधी बाईंना विचारलं. बाई मराठीतच बोलल्या. "मी सही केली तेव्हा मले वाटलं तेच सांगितलं. आठवत नव्हतं. हे माझं कार्ड आहे. यावर चौदा सदुसष्ट आहे. म्हणजे मी तेवढेच दिले."

साहेबांनी कार्ड वहीशेजारी ठेवून पाहिलं. मग बाकीची पंचवीस कार्डं. पंचवीसही जुळली. त्यांनी अपहाराच्या कागदावर बोट ठेवून इन्स्पेक्टरकडे पाहिलं. "जितना लिया, उतना लिखा. ग़बन कहाँ है?"

इन्स्पेक्टर तयारीनं आला होता. तो म्हणाला, ठीक, खिशात घातले नसतील, पण कमी का घेतले? पतपेढीचं नुकसान केलंच. आणि आणखी एक. कारकूनानं आपल्या खुलाशात स्वतःच लिहिलंय की शेवटचा हप्ता चौदा रुपये अकरा आणे ठरला होता. अकरा आण्यांचे सरकारी तक्त्यात एकोणसत्तर नये पैसे होतात. मग घेतले सदुसष्ट कसे? "इनके अपने हिसाब से भी दो पैसे कम हैं."

खोलीत पंखा फिरत होता. दोन पैसे. मोरेश्वररावांचं ते खुलाशात लिहायचं राहून गेलं होतं. चार महिने ते आठ आण्यांच्या मागे धावले आणि दोन पैशांनी त्यांना धरलं होतं. त्यांना वाटलं, आता काही सांगू नये. भरून टाकावे, सही करावी, घरी जावं.

"डिगरसे?" साहेब म्हणाले.

मोरेश्वरराव म्हणाले, "साहेब, कागद मिळन का?"

साहेबांनी पेन्सिल आणि कोरा कागद पुढे सरकवला. मोरेश्वरराव उभ्यानंच लिहू लागले आणि लिहिता लिहिता बोलू लागले. हिंदी-मराठी, जे येईल ते.

"एकूण फेडायचे पाचशे सेहेचाळीस रुपये चार आणे. म्हणजे पाचशे सेहेचाळीस पंचवीस. यात बदल नाही. नाणं बदललं तरी कर्ज तेवढंच. आता, मार्चपर्यंत एकोणतीस हप्ते आले पंधरा-तीनचे. झाले चारशे चाळीस रुपये सात आणे. तक्त्यात सात आण्यांचे चव्वेचाळीस नये पैसे. चारशे चाळीस चव्वेचाळीस. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सहा हप्ते. तीन आण्यांचे खरे पावणेएकोणीस होतात, साहेब. पाव पैसा कुठं मिळते? म्हणून तक्त्यानं एकोणीस धरले. सहा हप्ते पंधरा-एकोणीसचे, एक्क्याण्णव रुपये चौदा पैसे. दोन्ही मिळून पाचशे एकतीस अठ्ठावन्न. एकूणातून वजा करा."

साहेबांनी स्वतः वजाबाकी केली. पेन्सिल थांबली. चौदा रुपये सदुसष्ट.

"तो पाव पैसा बाईंनी सहा वेळा जास्त दिला," मोरेश्वरराव म्हणाले, "आणि सात आण्यांचे चव्वेचाळीस धरताना आणखी एक पाव. मिळून पावणेदोन. अकरा आण्यांचेही खरे पावणेएकोणसत्तरच, त्यातून ते गेले की उरतात सदुसष्ट. शेवटी त्यांना दोन पैसे कमी लागले. मी एकोणसत्तर घेतले असते तर ते दोन पैसे बाईंचे खाल्ले असते."

साहेबांनी दुसरं खातं काढलं आणि मोरेश्वररावांना न विचारता स्वतःच गणित केलं. मग तिसरं. तिसऱ्यालाही शेवटचा हप्ता जेवढा निघाला तेवढाच वहीत होता. त्यांनी इन्स्पेक्टरला हळू आवाजात विचारलं, "आपने छत्तीस से गुणा किया था. छत्तीस से भाग नहीं दिया?"

इन्स्पेक्टर म्हणाला, करारात समान लिहिलं होतं. आणि तेही खरंच होतं.

निकाल लगेच मिळाला नाही. तो लेखी येणार होता, वरून मंजूर होऊन. बाहेर पडल्यावर नलिनीबाई म्हणाल्या, "झालं ना आता?" मोरेश्वररावांनी हात जोडले. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. बाईंनी स्टेशनवर त्यांना दोन केळी घेऊन दिली, आणि ती त्यांनी बाकावर बसून, रस्त्याकडे पाठ करून खाल्ली.

कागद ऑक्टोबरात आला. पातळ, टाईप केलेला, तिसरी-चौथी प्रत असावी. आरोप सिद्ध होत नाही. बंद काळातला निम्मा पगार द्यावा. यापुढे करारात 'समान' शब्दाऐवजी शेवटच्या हप्त्याची रक्कम वेगळी लिहावी. त्यांना कामावर घ्यावं असं कुठंच लिहिलं नव्हतं. पतपेढीत तोवर यशवंतरावांचा पुतण्या बसला होता, आणि कमिटीला पुन्हा बदल नको होता. यशवंतराव रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मले ठाऊकच होतं, मोरेश्वर." त्यावर मोरेश्वरराव नमस्कार करून पुढे गेले.

पांढुर्ण्याचा मुलगा वैशाखातच दुसरीकडे उजवला गेला होता.

कागद आला त्या दिवशी त्यांनी तो जयवंताला वाचून दाखवला, प्रत्येक ओळ मराठी करून. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. ती चुलीपुढे बसली होती, भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत.

"बावीस रुपयात मिटलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"पोरीचं लग्न झालं असतं."

"झालं असतं," मोरेश्वरराव म्हणाले. चोर ठरून मुलगी उजवायची की न ठरता घरात ठेवायची, यातलं कुठलं बरं, हे त्यांना त्या दिवशीही सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर ते पांढुर्ण्याला एका संत्र्याच्या अडतीवर लागले. हंगामापुरतं काम, पेट्या मोजायच्या आणि रेल्वेच्या पावत्या लिहायच्या. सौंसरची खोली सोडली. स्मिताला नलिनीबाईंनी ओळखीनं शाळेत शिवण शिकवायला लावून दिलं, म्हणून ती बाईंकडेच राहिली. महिन्याला पंधरा रुपये मिळत. त्यातले दहा ती पांढुर्ण्याला पाठवायची. मनीऑर्डर आली की जयवंता अंगठा उठवायची, पैसे दोनदा मोजायची आणि पदरात बांधून आत जायची. मोरेश्वरराव तेव्हा बहुतेक अडतीवर असत. घरी असले तरी ते त्या वेळी दाराकडे जात नसत.